खोडलेली किंमत आणि खरी सूट: दुकानदारांचे वारंवार येणारे प्रश्न

छोट्या कापड दुकानांना ऑनलाइन दुकान उभं करून देणं आणि नंतर ते चालतं ठेवणं हे माझं काम. गणपती उरकले की फोन सुरू होतात: दिवाळी सेल लावायचाय, जुनी किंमत काय टाकू? खालचे प्रश्न दुकानदारांनी मला खरोखर विचारलेले आहेत, बरेचसे व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रात्री दहानंतर. तेच तेच पुन्हा लिहायला नको म्हणून उत्तरांना क्रमांक दिलेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, डबल बेडची सोलापुरी चादर.

१. खोडून दाखवायची किंमत नेमकी कोणती? एमआरपी, आमची जुनी किंमत, की बाजारात चालते ती?

तुमच्याच दुकानात, हीच वस्तू, सेल लागण्याआधी ज्या किमतीला मिळत होती ती. ग्राहक ८५० वर काट मारलेली पाहतो तेव्हा त्याच्या मनात एवढंच येतं की काल आलो असतो तर ८५० पडले असते. हे खरं असेल तर सूट खरी आहे.

बाजारातली किंमत खोडायचा मोह होतो, कारण शेजारचा जास्त घेतो हे आपल्याला माहीत असतं. पण ‘इतरत्र ९००’ असं म्हणायचं तर कुठे, कधी आणि याच वजनाची, याच मापाची चादर का, हे दाखवता आलं पाहिजे. चादरीत सुताचा फरक पडला की तुलनाच बसत नाही. त्या वाटेला जाऊच नका असं मी सांगतो. एमआरपीचं प्रकरण मोठं आहे, ते पुढच्या प्रश्नात.

२. एमआरपी तर पाकिटावर छापलेलीच असते. ती खोडून दाखवली तर खोटं काय? सगळेच तसं करतात.

आकडा खोटा नसतो. त्यातून निघणारा अर्थ खोटा असू शकतो. एमआरपी ही कमाल मर्यादा आहे, सर्व करांसह. त्याहून जास्त घेता येत नाही, एवढंच ती सांगते. त्या किमतीला वस्तू विकली जाते असं ती कुठेच म्हणत नाही. कापडात तर बऱ्याचदा उत्पादक एमआरपी भरपूर वर ठेवतो, म्हणजे खालच्या प्रत्येक दुकानदाराला सूट दाखवायला जागा राहते.

आपल्या चादरीवर १,४०० छापलेत. दुकानात ती वर्षभर ८५० ला जाते. दिवाळीत ६८० केली. एमआरपीवरून हिशोब केला तर ५१ टक्के सूट दिसते, आपल्या किमतीवरून २० टक्के. जी बाई जुलैमध्ये ८५० देऊन चादर घेऊन गेली, ती दिवाळीत ‘५१% सूट’ वाचते तेव्हा तिला वाटतं, आपल्याला तेव्हा लुटलं. तसं काही झालेलं नसतं, पण तुमच्या पाटीनं तिला तसं सांगितलेलं असतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येचा रोखही इकडेच आहे. वस्तू साधारणपणे ज्या किमतीला विकली जाते तिच्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं त्यात मोडतं. प्रश्न ‘साधारणपणे’ किती होती याचा आहे, छापलेली किती होती याचा नाही.

एमआरपी दाखवायचीच असेल तर तिला तिचं नाव द्या आणि काट मारू नका. ‘छापील किंमत १,४००. आमची किंमत ८५०. दिवाळीत ६८०.’ तीन आकडे, तिन्ही खरे, आणि काट फक्त मधल्यावर. टक्केवारीही मधल्याच आकड्यावरून काढायची.

३. जुनी किंमत किती दिवस लागलेली असली म्हणजे ती ‘खरी’ धरायची?

आपल्याकडच्या कायद्यात दिवसांचा आकडा दिलेला नाही, ‘साधारणपणे’ हा शब्द आहे. म्हणून मोजायला बाहेरचे दोन आकडे हाताशी ठेवावेत. गूगलवर माल दाखवण्यासाठी दुकानं जिथे यादी चढवतात त्या गूगल मर्चंट सेंटरमध्ये तुमचा माल असेल तर मूळ किंमत खोडून दाखवायला ती, किंवा त्याहून जास्त किंमत, गेल्या २०० दिवसांत एकूण ३० दिवस लागलेली असावी लागते. ते दिवस सलग नसले तरी चालतात. शिवाय सूट ५ टक्क्यांहून जास्त आणि ९० टक्क्यांहून कमी हवी. दुसरा आकडा युरोपचा, तो जास्त कडक आहे. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. सेलच्या लगेच आधीचे सलग ३० दिवस ती किंमत वेबसाइटवर आणि दुकानात, दोन्हीकडे, लागलेली हवी. दोन्हीकडे यासाठी की वेबसाइटवर ८५० आणि काउंटरवर घासाघीस करून सगळ्यांनाच ७५० हे फार दुकानांत चालतं. तिथे खरी किंमत ७५० आहे, मग वेबसाइट काहीही म्हणो.

४. हे सगळं लक्षात कोण ठेवणार? नोंद कशी ठेवायची?

किंमत बदलली की एक ओळ लिहायची, बस. वही चालेल, एक्सेल चालेल. आपल्या चादरीची गेल्या वर्षीची नोंद अशी दिसते:

```
item,from,to,price,sold
chadar-double,2025-07-05,2025-08-14,850,38
chadar-double,2025-08-15,2025-08-19,760,21
chadar-double,2025-08-20,2025-10-08,850,44
chadar-double,2025-10-09,2025-10-23,680,
```

आता सेलच्या आदल्या दिवशी हे वाचा. ९ ऑक्टोबरला सेल सुरू होणार. त्याआधी ८५० ही किंमत सलग ५० दिवस लागलेली आहे आणि त्या दिवसांत ४४ चादरी गेल्या आहेत. मधे स्वातंत्र्यदिनाला पाच दिवस ७६० होती, पण ते सेलच्या सात आठवडे आधी संपलं. म्हणून ८५० खोडायला हरकत नाही. सूट १७० रुपये, म्हणजे बरोबर २० टक्के.

हीच नोंद थोडी वेगळी असती, म्हणजे ७६० ची ऑफर १९ ऑगस्टला न संपता २५ सप्टेंबरपर्यंत रेंगाळली असती, तर सेलआधी ८५० फक्त १३ दिवस उरले असते. मग मी ७६० खोडून ६८० लिहायला सांगितलं असतं. सूट साडेदहा टक्के दिसली असती. दुकानदाराचा चेहरा पडतो अशा वेळी, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ज्यांनी ७६० दिले त्यांना ती बरोबर कळते.

शेवटचा रकाना, किती नग गेले, तो लिहायचा कंटाळा करू नका. त्याचा उपयोग पुढच्याच प्रश्नात आहे. आणि किंमत बदलाल त्या दिवशी पानाचा स्क्रीनशॉट काढून तारखेच्या नावानं ठेवा. तक्रार आलीच तर वहीपेक्षा तो लवकर पटतो.

५. किंमत ३० दिवस लावली होती, पण त्या किमतीला एकही नग गेला नाही. तरी खोडता येईल?

इथे दोन प्रकार आहेत आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. एक म्हणजे माल खरोखर त्या भावानं विकायचा होता, पानावर नीट होता, दुकानात समोर मांडला होता, पण चालला नाही. रंग जुना झाला असेल, भाव चुकला असेल. असा माल उतरवून विकणं हाच तर सेलचा मूळ उद्योग आहे. जुनी किंमत खोडा आणि शक्य असेल तर ‘शेवटचे नग’ किंवा ‘हा रंग बंद’ असं कारणही लिहा.

दुसरा प्रकार म्हणजे किंमत फक्त पुढे खोडण्यासाठी लावलेली. एका दुकानात मी हे डोळ्यांनी पाहिलं. माल महिनाभर वेबसाइटवर होता, पण कुठल्याच विभागात जोडलेला नव्हता, शोधूनही सापडत नव्हता आणि भाव शेजारच्या तशाच मालाच्या दुप्पट. मालकाला विचारलं तर म्हणाले, “महिना भरला ना, आता लाव सेल.” दिवस भरले होते, विकायचा इरादा कधीच नव्हता. असा माल ओळखायची खूण सोपी आहे: सेलआधी कुणी गिऱ्हाईक तो भाव देऊन घ्यायला आलं असतं तर मालकालाच नवल वाटलं असतं.

६. सूत खरंच महागलं, म्हणून सप्टेंबरअखेर भाव वाढवले. दिवाळी सेलमध्ये आता वाढलेली किंमत खोडू का?

नाही, ३० दिवस होईपर्यंत नाही. वाढ खरी आहे हे मला पटतं, तुमच्याकडे गिरणीचं बिल आहे. पण ग्राहकाला ते बिल दिसत नाही. त्याला सप्टेंबरमध्ये ८५०, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ९५० आणि आठवड्याभरात ‘९५० खोडून ७६०’ असं दिसतं. आधी वाढवून मग उतरवणाऱ्याचा आणि तुमचा क्रम हुबेहूब सारखाच.

पर्याय दोन. एक, ८५० खोडून ७६० लिहा. सूट कमी दिसेल, पण निभावेल. दोन, खोडूच नका. ‘दिवाळी भाव ७६०’ एवढंच लिहा आणि खाली एक ओळ टाका की दिवाळीनंतर हा भाव ९५० होणार आहे. मात्र मग तो दिवाळीनंतर खरंच ९५० झाला पाहिजे. पुढच्या भावाचं नाव घेऊन पुन्हा ८५० वर थांबणारी दुकानं पाहिली आहेत, आणि लोक ते विसरत नाहीत.

करामुळे किंमत खाली आली तर ती सूट नव्हे, हेही इथेच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा बऱ्याच जणांनी जुनी किंमत खोडून ‘महासेल’ लिहिला. कर उतरला असेल तर ‘जीएसटी कमी झाल्यानं नवी किंमत’ असं लिहावं. पुढे सेल लावाल तेव्हा सूट या नव्या किमतीवरून मोजायची.

७. टक्केवारी कशी लिहायची? ‘७०% पर्यंत’ चालतं का?

चालतं, जर ७० टक्केवाला माल नावापुरता नसेल तर. तीनशे साड्यांत दोन साड्यांवर ७० आणि बाकी सगळ्यांवर १५ असेल तर पाटीवरचा ७० हा आमिषाचा आकडा झाला. मी ‘१५ ते ७०% सूट’ असं दोन्ही टोकांनी लिहायला सांगतो. सर्वांत जास्त माल ज्या आकड्याला आहे तो मोठ्या अक्षरात. पूर्ण आकडा करायचा असेल तर नेहमी खाली करा, १९.६ चे २० नका करू.

‘५०% + २०%’ या पाटीचं गणित बहुतेकांचं चुकतं, कधी कधी लिहिणाऱ्याचंही. हजाराची साडी आधी पाचशे, मग त्या पाचशेवर वीस टक्के म्हणजे चारशे. एकूण सूट ६० टक्के, ७० नव्हे. पाटीवर शेवटची किंमत लिहिलीत तर हा प्रश्नच उरत नाही.

सूट दाखवून बिल करताना ‘कर वेगळा’ म्हणणं तर अजिबात नाही. एमआरपी करासकट असते, तिच्यावर सूट दिली की उरलेली रक्कमही करासकटच. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०१७ मध्ये सवलतीच्या कपड्यांवर वेगळा व्हॅट लावण्याला अनुचित व्यापार प्रथा ठरवलं होतं. आपली ६८० ची चादर घ्या. पाच टक्के कर धरला तर बिलात ६४७.६२ किंमत आणि ३२.३८ कर येईल, आणि ग्राहक देईल ६८०च.

८. पाकिटावरच्या एमआरपीवर कमी किमतीचं स्टिकर लावू का?

कमी किमतीचं लावता येतं, पण छापील एमआरपी झाकली जाईल असं नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांत तसं स्पष्ट आहे. एमआरपी खरवडणं, पेननं खोडणं, त्यावर काळा पट्टा मारणं हेही बंद. म्हणजे ज्या काटेबद्दल आपण एवढं बोलतोय ती वेबसाइटवर किंवा शेल्फवरच्या पट्टीवर मारायची, पाकिटावर कधीच नाही. वाढीव किमतीचं स्टिकर तर विचारूच नका.

९. जर्मनीतले मराठी लोक आमच्या वेबसाइटवरून साड्या मागवतात. तिथला नियम आम्हाला लागू होतो का?

एखाद्यानं सहज मागवली आणि तुम्ही पाठवली एवढ्यानं घाबरू नका. पण युरोमध्ये किंमत, तिथपर्यंत पाठवणीचा दर, ‘जर्मनीतल्या ग्राहकांसाठी’ अशी जाहिरात हे सगळं असेल, तर तुम्ही तिथल्या ग्राहकाला उद्देशून विकताय आणि तिथला ग्राहक-कायदा लागू धरून चाला.

युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून नियम असा आहे की सूट जाहीर करताना ‘आधीची किंमत’ म्हणून सेलपूर्वीच्या निदान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवायची. संघाच्या न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये एका सुपरमार्केटच्या प्रकरणात हेही सांगितलं की टक्केवारी त्याच आकड्यावरून काढायची. खाली बारीक अक्षरात तो आकडा देऊन वरची टक्केवारी दुसऱ्याच किमतीवरून मोजणं चालत नाही.

आपल्या नोंदीवर लावून पाहा. ९ ऑक्टोबरच्या सेलआधीच्या ३० दिवसांत सर्वांत कमी किंमत ८५०च होती, ठीक. पण २३ ऑक्टोबरला सेल संपवून १० नोव्हेंबरला पुन्हा ६८० चा सेल लावलात, तर मागच्या ३० दिवसांत ६८० येऊन गेलेली आहे. खोडायला काहीच उरत नाही. आपल्याकडे हा नियम नाही, पण एकामागून एक सेल लावणाऱ्यांना मी हेच गणित घालतो. महिन्यातले वीस दिवस ६८० असेल तर चादरीची किंमत ६८० आहे, ८५० नाही.

१०. वेबसाइटवर नेमकं काय भरायचं? आणि कुठे चुकतं?

वूकॉमर्समध्ये नेहमीची किंमत `Regular price` मध्ये आणि सेलची `Sale price` मध्ये. शॉपिफायमध्ये खोडायची किंमत `Compare-at price` मध्ये जाते. दोन्हीकडे यंत्र तुम्हाला विचारत नाही की हा आकडा आणला कुठून. तिथे एमआरपी टाकली तर ते निमूटपणे एमआरपी खोडतं. माल एक्सेलमधून एकदम चढवताना ही चूक हमखास होते, कारण पुरवठादाराच्या यादीत एमआरपीचाच रकाना असतो.

चुकतं ते बहुतेक तीन जागी. पहिली जागा मापांची. सिंगल चादरीवर सूट आहे, डबलवर नाही, पण वूकॉमर्स एका मापावर सूट असली तरी साऱ्या वस्तूला ‘सेल’चा बिल्ला लावतं. अशा वेळी सूट कोणत्या मापावर आहे हे वस्तूच्या नावाखालीच लिहा.

दुसरी जागा सेल संपण्याची. हे माझ्या हातून झालेलं आहे. मी सेलची शेवटची तारीख बरोबर भरली होती, पण पान वेगानं उघडावं म्हणून त्याची साठवलेली प्रत दाखवणारं प्लगइन चालू होतं. रात्री सेल संपला, सकाळी लोकांना पानावर ६८० दिसत होते आणि कार्टमध्ये ८५०. दुपारपर्यंत चौघांचे फोन आले. आम्ही त्या चौघांना ६८० लाच दिली आणि तेव्हापासून सेल संपला की साठवलेली प्रत पुसणं हे मी स्वतः करतो. ‘आजच संपणार’ म्हणून घड्याळ लावणाऱ्यांनी हे आणखी जपावं. घड्याळ शून्यावर गेलं की किंमत बदललीच पाहिजे. रोज नव्यानं सुरू होणारं घड्याळ ही खोटी घाई झाली, आणि ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांच्या, मार्गदर्शक सूचनांत तिला नावानिशी मनाई आहे.

तिसरी जागा कुणाच्या लक्षातच येत नाही. दृष्टिहीन ग्राहक पान ऐकतो. काट मारलेली त्याला ऐकू येत नाही, ‘आठशे पन्नास, सहाशे ऐंशी’ एवढंच येतं. वूकॉमर्सच्या नव्या आवृत्त्या त्यासाठी न दिसणारा मजकूर घालतात. थीम स्वतःची असेल तर तो असा हवा:

```html
<del aria-hidden="true">₹850</del>
<span class="screen-reader-text">आधीची किंमत ₹850.</span>
<ins aria-hidden="true">₹680</ins>
<span class="screen-reader-text">आताची किंमत ₹680.</span>
```

११. नवीन माल आहे, आधी कधी विकलाच नाही. त्यावर काय खोडू?

काहीच नाही. ‘पहिल्या पंधरवड्याचा भाव ६८०, १ तारखेपासून ८५०’ असं लिहा आणि १ तारखेला ८५० करा. सेटच्या बाबतीत मात्र खोडता येतं. चादर ८५० आणि दोन अभ्रे २५० असे वेगवेगळे विकत असाल, तर ‘वेगवेगळं घेतल्यास १,१००, एकत्र ९४९’ हे चोख आहे. अट एवढीच की ते वेगवेगळे खरोखर मिळत असले पाहिजेत.

१२. ग्राहकानं जुना स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, “गेल्या महिन्यात ही ७६० होती, मग ८५० खोडून कुणाला फसवता?” काय उत्तर देऊ?

आधी वही उघडा (प्रश्न ४), मग लिहा. त्यांचं बरोबर असेल तर पान त्याच दिवशी दुरुस्त करा आणि सेलमध्ये ज्यांनी घेतलं त्यांनाही कळवा. तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर जाईपर्यंत थांबू नका. त्यांची तारीख चुकत असेल तर वाद न घालता तारखा द्या. ऑक्टोबरमध्ये एका ताईंना आम्ही पाठवलेला निरोप असा होता:

“नमस्कार ताई. तुम्ही पाठवलेला फोटो १५ ते १९ ऑगस्टच्या ऑफरचा आहे, तेव्हा ७६० होती हे बरोबर. २० ऑगस्टपासून ८ ऑक्टोबरपर्यंत ८५० होती, सोबत त्या तारखांचे दोन फोटो जोडलेत. आत्ता ६८० आहे, भाऊबीजेपर्यंत. तुम्ही ऑगस्टमध्ये घेतली होती का? कापडाबद्दल काही तक्रार असेल तर तीही सांगा.”

त्यांचं उत्तर अर्ध्या तासात आलं. ऑगस्टमध्ये घ्यायची राहून गेली होती, आणि आता निळी शिल्लक आहे का, असं विचारलं होतं.